शेवटचं पान पहिल्या पानासारखंच का? प्रकल्प अहवालाचा समारोप नव्याने लिहिताना



गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले एक पालक मागे शाळेत आले होते. हातात लेकीचा विज्ञान प्रकल्पाचा अहवाल. म्हणाले, "मॅडम, मी काही जास्त शिकलो नाही. पण पहिल्या पानावर जे हाये तेच शेवटच्या पानावर हाये जी. मंग मधलं वाचलं काहून?"

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली, कारण तो अहवाल मीच तपासला होता. सारांश नीट, तक्ते नीट, आलेख नीट, आणि शेवटी 'निष्कर्ष' या मथळ्याखाली सारांशच क्रियापदं थोडी बदलून उतरवलेला. मी त्यावर बरोबरची खूण केली होती. खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या बी.एड.च्या कृती संशोधनाचा शेवटही असाच होता आणि तोही कुणी अडवला नव्हता.

आज हा शेवट कसा बदलायचा ते एका उदाहरणावर करून पाहू. त्या मुलीचा अहवाल इथे देत नाही, तो तिचा आहे. तसाच एक नमुना मी वर्गासाठी रचला आहे. जागा आपल्या ओळखीची आहे, आकडे मात्र सरावासाठी मी बसवलेले आहेत. गांधीबागेचं खरं मोजमाप म्हणून ते कुणी वापरू नयेत.

नमुन्यातला प्रकल्प असा. आठवीच्या मुलांनी एप्रिलमध्ये 10 दिवस, दुपारी 2 वाजता, तीन ठिकाणी हवेचं तापमान मोजलं: कापड बाजारातला उघडा डांबरी रस्ता, त्याच बाजारातली ताडपत्रीखालची गल्ली आणि गांधीबाग उद्यानातल्या एका मोठ्या झाडाची सावली. तिन्हीकडे एकाच वेळी नोंद व्हावी म्हणून तीन वेगळे डिजिटल तापमापक घेतले. प्रत्येक मापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच धरला आणि त्यावर थेट ऊन पडू नये म्हणून वर पांढरा पुठ्ठा धरला. (हा पुठ्ठा विसरू नका. नाहीतर मापक हवेचं नाही, स्वतःच तापल्याचं तापमान सांगतो.)

अहवालाच्या पहिल्या पानावरचा सारांश:

"गांधीबाग परिसरातील तीन ठिकाणी 10 दिवस दुपारी 2 वाजता तापमान मोजण्यात आले. उघड्या रस्त्यावर सरासरी 42.6 अंश, ताडपत्रीखाली 41.2 अंश व झाडाखाली 39.4 अंश तापमान आढळले. यावरून सावलीमुळे तापमान कमी होते व झाडाची सावली सर्वांत थंड असते असे दिसून आले."

आणि शेवटच्या पानावरचा निष्कर्ष:

"या प्रकल्पात आम्ही गांधीबाग परिसरातील तीन ठिकाणी 10 दिवस तापमान मोजले. उघड्या रस्त्यावर तापमान सर्वांत जास्त, म्हणजे 42.6 अंश होते. ताडपत्रीखाली ते 1.4 अंशांनी व झाडाखाली 3.2 अंशांनी कमी होते. म्हणून सावलीमुळे तापमान कमी होते हे सिद्ध झाले. सर्वांनी झाडे लावली पाहिजेत."

यात भाषेची चूक नाही. पण दोन्ही परिच्छेदांची जागा बदलली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. मी वर्गात हेच करते. दोन्ही परिच्छेद वेगवेगळ्या कागदांवर लिहून, मथळे झाकून विचारते, "यातला शेवटचा कोणता?" मुलं गोंधळली, तर शेवट अजून लिहायचा बाकी आहे असं समजायचं. दुसरी खूण क्रियापदांत सापडते. मोजले, घेतले, आढळले, होते. ही सगळी 'आम्ही काय केलं' ची क्रियापदं आहेत. ती सारांशात शोभतात, कारण सारांश वाचणाऱ्याने अजून काहीच वाचलेलं नसतं. शेवटच्या पानावर पोचलेला माणूस पद्धत, तक्ते, आलेख सगळं वाचून आलेला असतो. त्याला आता पुन्हा मोजणी सांगायची नसते, मोजणीवरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही ते सांगायचं असतं.

मुलं असं का लिहितात? मला वाटतं थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. 'निष्कर्ष' हा शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. तक्त्यातून निघालेली माहिती, म्हणजे 'झाडाखाली 3.2 अंश कमी', हाही निष्कर्ष. आणि अहवालाचा शेवटचा भाग, तोही निष्कर्ष. मग मुलं साहजिकच माहिती पुन्हा उतरवतात. काही अहवालांत शेवटच्या भागाला 'समारोप' म्हणतात, पण तो शब्द ऐकला की स्नेहसंमेलनातलं आभारप्रदर्शन आठवतं आणि मुलं 'सर्वांनी झाडे लावली पाहिजेत' वर येऊन थांबतात. मी आता मुलांना मथळा बाजूला ठेवायला सांगते आणि तीन प्रश्न देते: यातून नवं काय कळलं? ते कितपत खरं धरायचं? आता पुढे नेमकं काय मोजायचं?

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण मुलं इथेच अडकतात. 'झाडाखाली गार असतं' हे सांगायला प्रकल्प कशाला हवा? बाजारातल्या हमालाला ते रोज कळतं. मग या मुलांनी भर काय घातली? जरा खोदल्यावर दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे जागा. बातम्यांत नागपूरचं म्हणून जे तापमान येतं ते सोनेगावच्या वेधशाळेत, मोकळ्या जागेवर मोजलेलं असतं. दुकानांच्या रांगांमधल्या गल्लीत, माणूस उभा असतो त्या उंचीवर, ऐन कामाच्या वेळी हवा किती तापलेली असते याची नोंद त्यातून मिळत नाही. मुलांनी ती केली. दुसरी म्हणजे त्यांनी 'सावली' हा एकच शब्द फोडून ताडपत्रीची सावली आणि झाडाची सावली वेगवेगळी मोजली. उन्हाळ्यात आपल्याकडे सिग्नलवर हिरव्या जाळ्या लागतात, दुकानांपुढे ताडपत्र्या चढतात. कोणत्या आच्छादनाने किती फरक पडतो हा प्रश्न दुकानदाराच्या खिशाशी जोडलेला आहे. ही खरी भर, आणि जुन्या निष्कर्षात तिचा उल्लेखच नाही!

आता दुसरा प्रश्न, मर्यादा. यावर मी जास्त वेळ घेते, कारण इथे बहुतेक अहवालांत एक ठरीव वाक्य असतं: 'वेळेअभावी व साधनांअभावी सखोल अभ्यास करता आला नाही.' ही मर्यादा नाही, ही माफी आहे. हे वाक्य कोणत्याही प्रकल्पाला चिकटवता येतं, आणि त्यातून वाचणाऱ्याला कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवावा ते कळत नाही.

नमुन्यातल्या तापमापकांकडे बघा. खोक्यावर लिहिलंय, अचूकता अधिक-उणे 1 अंश. म्हणजे खरं तापमान 42 असताना एखादा मापक 43 दाखवू शकतो आणि दुसरा 41. मापक तीन होते आणि ते आधी एका जागी शेजारी ठेवून ताडून पाहिले नव्हते. समजा रस्त्यावरचा मापक मुळातच 1 अंश जास्त दाखवणारा निघाला आणि ताडपत्रीखालचा 1 अंश कमी दाखवणारा. मग हवा दोन्हीकडे सारखीच असली तरी 2 अंशांचा फरक दिसेल. मुलांना दिसलेला फरक 1.4 अंशांचा आहे. तो या 2 अंशांच्या आत येतो. म्हणजे ताडपत्रीने गारवा मिळतो की नाही, हे या नोंदींवरून सांगताच येत नाही. कदाचित मिळत असेल, कदाचित नसेलही.

इथे हुशार मुलं हटकून म्हणतात, "पण मॅडम, आम्ही 10 दिवसांची सरासरी काढली." सरासरीने काही चुका पुसल्या जातात, जसं की एखाद्या दिवशी वाऱ्याची झुळूक आली किंवा नोंद घेताना घाई झाली. पण जो मापक रोजच 1 अंश जास्त दाखवतो तो दहाही दिवस तेवढाच जास्त दाखवणार. घरातलं घड्याळ 10 मिनिटं पुढे असेल तर दहा दिवस बघितल्याने ते बरोबर होत नाही. हे उदाहरण दिलं की मुलांना पटकन पटतं.

झाडाखालचा फरक 3.2 अंशांचा, म्हणजे 2 पेक्षा जास्त. तो मापकांच्या खोटीने पूर्ण समजावता येत नाही, म्हणून तो टिकतो. पण थांबा, इथे वेगळीच अडचण आहे. झाड बाजारात नाही, उद्यानात आहे. उद्यानात खाली डांबर नाही, माती आणि हिरवळ आहे, तिला पाणी दिलेलं असतं, आजूबाजूला भिंती कमी. मग तो गारवा झाडाच्या सावलीचा की उद्यानाचा? नोंदी खऱ्या आहेत, फरकही खरा आहे, पण त्याचं श्रेय एकट्या सावलीला देता येत नाही. एका मर्यादेने 'फरक आहे का' यावरच शंका येते, दुसरीने 'फरक कशामुळे' यावर. दोन्ही एका वाक्यात कोंबल्या तर वाचणाऱ्याला हा भेद कळत नाही.

बी.एड., एम.एड.चं लेखन केलेल्यांना 'मर्यादा' आणि 'परिमर्यादा' हे शब्द आठवत असतील. परीक्षेत आपण त्यांच्या व्याख्या लिहिल्या आणि विसरून गेलो. इथे त्या कामी येतात. फक्त एप्रिल, फक्त दुपारी 2 आणि फक्त तीन जागा ही मुलांनी स्वतः आखून घेतलेली कुंपणं आहेत. त्या परिमर्यादा, आणि त्यांची जागा अहवालाच्या सुरुवातीला. मापक ताडून न पाहणं आणि झाड उद्यानातच असणं या उत्तराला धक्का लावणाऱ्या मर्यादा. शेवटच्या पानावर मुख्यतः याच हव्यात, आणि प्रत्येकीपुढे 'म्हणून अमुक म्हणता येत नाही' असं वाक्य हवं. मी तर या 'म्हणून'शिवायची मर्यादा खोडूनच टाकते.

हे मुलांना आवडत नाही, सांगून ठेवते. "मग आमचा प्रकल्प चुकला का?" असं विचारतात. पालकांनाही भीती वाटते की आपणच उणिवा दाखवल्या तर परीक्षक गुण कापतील. माझा अनुभव असा की परीक्षकाला मापकाचा मुद्दा तसाही दिसतोच. तो आधी तुम्ही लिहिलेला असेल तर त्यावर बोलणं होतं, लिहिलेला नसेल तर उलटतपासणी होते. आणि परीक्षक बाजूला ठेवू. त्या पालकांसारखा एखादा दुकानदार '1.4 अंशांनी कमी' वाचून गल्लीभर नव्या ताडपत्रीला पैसे घालू शकतो. त्याच्यासाठी तरी ही मर्यादा लिहायला हवी.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मग जवळजवळ आपोआप मिळतं. 'भविष्यात यावर अधिक संशोधन व्हावे' असं लिहायची गरजच उरत नाही, कारण प्रत्येक मर्यादेच्या पोटात पुढचं एक काम असतं. मापक ताडले नव्हते? मग पुढच्या वेळी तिन्ही मापक अर्धा तास एकाच सावलीत शेजारी ठेवायचे, त्यांच्यातला फरक लिहून ठेवायचा आणि मोजणी करताना रोज त्यांच्या जागा फिरवायच्या. झाड उद्यानात होतं? मग दोन जागा वाढवायच्या: उद्यानातलीच एक उघडी, बिनसावलीची जागा आणि डांबरी रस्त्याच्या कडेचं एखादं झाड. उद्यानातली उघडी जागा आणि उद्यानातलं झाड यांची तुलना केली की उद्यानाचा परिणाम दोन्हीकडे सारखा राहतो आणि उरलेला फरक सावलीचा म्हणता येतो. हे काम पुढच्या वर्षीची आठवी उद्या सकाळी सुरू करू शकते. 'पुढील दिशा' नीट लिहिली आहे की नाही याची माझी कसोटी हीच.

आता नवा शेवट पाहा. मुलांच्याच भाषेत ठेवला आहे:

"शहराचे तापमान रोज कळते, पण बाजारातल्या गल्लीत काम करणाऱ्या माणसाच्या उंचीवरचे तापमान कळत नाही. आमच्या नोंदी त्या जागेच्या आहेत, आणि त्यांत ताडपत्रीची व झाडाची सावली वेगळी मोजली आहे. उद्यानातील झाडाखाली रस्त्यापेक्षा हवा स्पष्टपणे थंड होती. ताडपत्रीबद्दल मात्र आम्ही तसे म्हणू शकत नाही. आमचे तीन मापक आधी एकमेकांशी ताडलेले नव्हते आणि त्यांच्यात 2 अंशांपर्यंत फरक असू शकतो. ताडपत्रीखालचा फरक त्याहून कमी आहे. तसेच आमचे झाड उद्यानात होते. म्हणून तिथला गारवा सावलीचा किती आणि माती-हिरवळीचा किती, हे या नोंदींवरून सांगता येत नाही. पुढच्या मोजणीत मापक आधी शेजारी ठेवून ताडावेत व रोज त्यांच्या जागा बदलाव्यात. उद्यानातील उघडी जागा आणि रस्त्याकडेचे झाड या दोन जागा वाढवाव्यात. तोपर्यंत ताडपत्रीवर खर्च करावा की नाही, याचे उत्तर आमच्या अहवालातून काढू नये."

जुन्या पाच वाक्यांतला एकही सरासरीचा आकडा यात नाही, हे लक्षात आलं का? ते तक्त्यात आहेत. आकडा आला आहे तो फक्त 2 अंशांचा, कारण तो नसता तर मर्यादा कळली नसती. 'सिद्ध झाले' गेलं. 'सर्वांनी झाडे लावली पाहिजेत' हेही गेलं. झाडं लावू नयेत असं नाही, पण तीन जागांच्या नोंदींवरून तो उपदेश निघत नाही.

आपलं म्हणणं मांडायचं आणि त्याच दमात ते किती पक्कं आहे तेही सांगायचं, ही रीत फक्त शाळेच्या प्रकल्पापुरती नाही. दीक्षाभूमीच्या शहरात राहून एक उदाहरण सांगायलाच हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात 9 मे 1916 रोजी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यावर निबंध वाचला. तेव्हा ते 25 वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. त्याचा शेवट वरच्या वर्गांना आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांना जरूर वाचायला द्या. तिथे ते आपली चार मुख्य विधानं मांडतात. पहिल्यांदा वाचताना ती पुनरुक्ती वाटते, पण नीट पाहिलं तर 'मी अमुक वाचलं, अमुक तपासलं' असं काही त्यात नाही. वाद घालता येईल अशी विधानं आहेत. मग ते सांगतात की या विषयाचा अभ्यास चुकीच्या रुळांवर गेला आहे आणि योग्य वाट दाखवणं हा निबंधाचा मुख्य हेतू आहे. आपली मतं अंतिम नाहीत, चर्चेत घातलेली भर आहे, असंही म्हणतात. आणि अगदी शेवटी, आपला सिद्धांत टिकणारा नाही असं कुणी दाखवलं तर तो सोडायची तयारी दाखवतात. भर, दिशा आणि मर्यादा, तिन्ही आले. पुढे नेमका कोणता अभ्यास करावा याचा तपशील मात्र त्यात नाही. तेवढ्या बाबतीत आपल्या आठवीच्या मुलांना जास्त नेमकं लिहिता येतं, कारण त्यांचा प्रश्न लहान आहे.

शेवट बदलला की एक काम उरतं आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं. पुन्हा पहिल्या पानावर यायचं. सारांशात अजूनही 'सावलीमुळे तापमान कमी होते असे दिसून आले' असंच लिहिलेलं आहे आणि शेवटचं पान आता वेगळं बोलतंय. पुष्कळ जण फक्त सारांशच वाचतात, त्यामुळे ही दुरुस्ती टाळता येत नाही. सरासरीचे तिन्ही आकडे सारांशात तसेच राहू द्या, फक्त शेवटचं वाक्य बदला: "उद्यानातील झाडाखाली तापमान स्पष्टपणे कमी आढळले, ताडपत्रीखालील फरक मापकांच्या अचूकतेच्या मर्यादेत असल्याने त्याबद्दल निश्चित सांगता येत नाही." आणि मुखपृष्ठावर 'झाडांच्या सावलीचे महत्त्व' असं शीर्षक असेल तर तेही खोडून 'गांधीबाग परिसरातील तीन ठिकाणांच्या दुपारच्या तापमानाची तुलना' असं करा.